‘इनबॉक्समध्ये या’ म्हणण्याआधी

*ताई, सोलापुरात अशोक चौकाजवळ आमचे यंत्रमाग आहेत. आमच्या चादरी मी फेसबुक पेजवरून विकते. परवा नाशिकच्या एका बाईंनी पेजवर फोटो टाकला. आमची डबल चादर, मधोमध चार बोटं फाटलेली, आणि शेजारी पार्सलचं पाकीट. ‘साडेआठशे घेऊन फाटकी चादर पाठवली’ असं लिहिलं. मी लगेच उत्तर दिलं, ‘मॅडम, कृपया इनबॉक्समध्ये या.’ तर खाली दोघांनी लिहिलं, ‘तिकडे बोलावून दाबून टाकतात, इथेच बोला.’ बाई इनबॉक्समध्ये आल्याच नाहीत. भाऊ म्हणतो, कमेंट लपवून टाक. वडील म्हणतात, आपल्याकडून फाटका माल जातच नाही, कुरियरवाल्याने केलं असेल. मला त्यांचं नुकसान भरून द्यायचंय, पण पत्ता आणि पैशाचं सगळ्यांसमोर कसं बोलू? बाजूला नेलं तर लपवते असं दिसतंय. काय करू?*

आधी भावाचा विषय संपवू. कमेंट लपवायची नाही. फेसबुकवर पेजने लपवलेली कमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रमंडळींना दिसतच राहते, फक्त बाकीच्यांना दिसेनाशी होते. म्हणजे ज्यांना राग आलाय त्यांच्यासाठी काहीच बदलत नाही. आणि बाईंच्या ओळखीबाहेरच्या कुणीतरी ‘मला तर दिसत नाही बाई, काढली की काय’ म्हटलं की झालं. आत्ता तक्रार एका चादरीची आहे, मग ती तुझ्या सचोटीची होईल. त्याला उत्तर देणं फार जड जातं.

आता तुझ्या वाक्याकडे ये. खासगीत बोलवलंस यात वावगं काही नाही. पण त्या वाक्यात चादरीबद्दल एक शब्द नाही. फोटो पाहिलास का, फाटलंय हे तुला मान्य आहे का, भरून देणार का, कधी देणार, यातलं काहीही वाचणाऱ्याला कळत नाही. कळतं एवढंच की पुढचं बोलणं त्याला दिसणार नाही. शिवाय काम तू त्यांच्यावरच टाकलंस. पैसे त्यांचे गेले, चादर त्यांची फाटकी निघाली आणि पुन्हा इनबॉक्स उघडून मेसेजही त्यांनीच करायचा. मी असते तर मीही आले नसते.

म्हणून आधी वाटणी कर. काय झालं, तू काय करणार आणि कधीपर्यंत, हे सगळ्यांसमोर. घरचा पत्ता, फोन, ऑर्डर नंबर, यूपीआय आयडी, हे खासगीत. आणि हे बाजूला का घेतेस त्याचं कारणही सगळ्यांसमोरच सांगायचं. मग ज्याला बाजूला नेलेलं बोलणं दिसणार नाही, त्यालाही दिसत नसलेल्या भागात काय आहे ते ठाऊक असतं. वाईट शंका येते ती हे ठाऊक नसलं की.

प्रत्यक्ष काय लिहायचं? साधारण असं, पण तुझ्या भाषेत:

‘मॅडम, फोटो पाहिला. चादर फाटलेली स्पष्ट दिसतेय. पैसे मोजून अशी चादर हातात आली, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. दुसरी चादर किंवा पूर्ण पैसे परत, तुम्ही म्हणाल ते करू. फाटकी चादर आधी परत पाठवायची गरज नाही. पत्ता आणि बँकेचा तपशील इथे लिहू नका, तो सगळ्यांना दिसतो. त्यासाठी आज संध्याकाळी सहा ते सातच्या दरम्यान मीच तुम्हाला फोन करते, बिलावर छापलेल्या आमच्या नंबरवरूनच. आमच्याकडून कुणीही ओटीपी किंवा पिन मागणार नाही, क्यूआर कोड स्कॅन करायलाही सांगणार नाही. काय ठरलं ते उद्या रात्रीपर्यंत याच ठिकाणी लिहीन.’

खाली तुझं नाव घाल. ‘टीम’ वगैरे नको. तुझ्याकडे टीम नाही, आणि असली तरी संध्याकाळी फोन एकच माणूस करणार आहे.

त्या उत्तरात एक गोष्ट मी मुद्दाम सांभाळली आहे. चादर फाटलेली दिसतेय, एवढंच तू मान्य करतेस. कुणामुळे फाटली, हे अजून कुणालाच माहीत नाही, म्हणून त्याबद्दल गप्प राहतेस. तुझ्या वडिलांचं वाक्य इथेच अडतं. त्यांचं बरोबरही असेल. पण बाईंनी पैसे कुरियरवाल्याला दिलेले नाहीत, तुम्हाला दिलेत. कुरियरशी भांडायचं ते पार्सलच्या नंबरवर, तुम्ही आणि ते. सगळ्यांसमोर ‘कुरियरने केलं’ लिहिलंस की वाचणारा त्यातून ‘हे पैसे देणार नाहीत’ असंच वाचतो.

ओटीपीची ओळ तुला जास्तीची वाटेल. ती काढू नकोस. उघड तक्रारी शोधत फिरणारे भामटे असतात. ते तक्रार करणाऱ्याला दुकानाच्या नावाने मेसेज करतात, ‘मॅडम, रिफंडसाठी हा कोड स्कॅन करा, पिन टाका.’ पैसे घेताना यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो पैसे देताना, हे पुष्कळांना अजून ठाऊक नाही. तुझ्या पेजवर तक्रार केल्यामुळे बाईंचं खातं रिकामं झालं तर साडेआठशेची चादर परवडली म्हणायची वेळ येईल. आणि खासगीत बोलण्याचं याहून खरं कारण कुठलं असणार? बघणारा माणूसही ते पटकन समजतो. फक्त तू कुठून फोन करणार हे आधीच सांगून ठेव, म्हणजे दुसऱ्या कुठल्या नंबरवरून फोन आला तर त्या सावध राहतील.

तू लिहिलंयस की फोटोत पाकीटही आहे. ताबडतोब बघ, त्यावरचं लेबल वाचता येतं का. कुरियरच्या लेबलवर नाव, पत्ता आणि बहुतेक वेळा मोबाईल नंबर असतो. वाचता येत असेल तर संध्याकाळची वाट बघू नको, आत्ता फोन कर आणि सांग, ‘मॅडम, फोटोत तुमचा नंबर दिसतोय. लेबल कापून तोच फोटो परत टाका, चादर दिसू द्या.’ फोन लागलाच नाही तर एवढ्या एका कारणासाठी तो फोटो लपवणं योग्य आहे. पण त्याच मिनिटाला तिथे लिहायचं की फोटोत घरचा पत्ता दिसत होता म्हणून लपवला, आणि लेबल झाकून तोच फाटक्या चादरीचा फोटो तू स्वतः टाकायचा. आपल्या फाटक्या मालाचा फोटो आपल्याच पेजवर आपणच टाकायचा! घरात आरडाओरडा होईल, होऊ दे. दोघा शंकेखोरांना याच्यापेक्षा चांगलं उत्तर मला सुचत नाही.

आता फोन. सहा ते सात म्हणालीस तर त्याच वेळेत कर. पहिल्या वाक्यात भरपाईचं बोल, चौकशी नंतर. ‘चादर पाठवू की पैसे?’ हे ठरलं की मग विचार, ‘आमच्याकडे नेमकं काय चुकलं ते शोधायचंय, दोन-तीन फोटो पाठवाल का?’ क्रम उलटा झाला, आधी फोटो मागितलेस, तर त्यांना वाटेल तू पुरावे मागतेस. फोनवर ‘तुम्ही आधी आम्हाला सांगायला हवं होतं’ हे वाक्य तोंडातून निघता कामा नये, आणि ‘तेवढी कमेंट काढून टाका ना’ हे तर मुळीच नाही. पैसे परत देण्याला कमेंट काढण्याची अट जोडलीस की खरोखरच लपवाछपवी झाली. त्या अटीचा एक स्क्रीनशॉट बाहेर आला तर तुझी आधीची सगळी चांगली वाक्यं फुकट जातात. गूगलवरच्या रिव्ह्यूबाबत तर सवलत किंवा पैसे देऊन वाईट रिव्ह्यू काढायला लावणं त्यांच्या नियमातच बसत नाही. त्यांनी आपणहून काढली तर त्यांची मर्जी. तरी मी म्हणेन, राहू दे.

फोन ठेवल्यावर ठरलेलं चार ओळींत व्हॉट्सअॅपवर पाठव. कोणती चादर, कोणता रंग, कधी निघणार, किंवा किती पैसे, कधी. फोनवरचं बोलणं दोघांच्या डोक्यात दोन तऱ्हेने राहतं. लिहिलेलं असलं की पुढे कुणी ‘असं ठरलंच नव्हतं’ म्हणू शकत नाही, तूही नाही.

फोटो कशाला हवेत, ते जरा नीट सांगते. नवी पेठेत चादरींच्या दुकानात मी बरीच वर्षं गल्ल्यावर बसले, त्यामुळे फाटक्या चादरी पुष्कळ पाहिल्यात. तीन फोटो माग. एक, चादर पूर्ण उघडून, फाटलेला भाग कुठे आहे ते कळेल असा. दुसरा, फाटलेली कड अगदी जवळून. तिसरा, आतली प्लास्टिकची पिशवी, ठेवली असेल तर.

कडेवर आधी नजर टाक. मागावरचा दोष असेल तर तिथे कापल्यासारखी कड नसतेच. बाण्याचा धागा सुटून आडवी विरळ पट्टी पडते, किंवा नक्षीचे धागे लोंबतात. खिळ्यात किंवा हुकात अडकून फाटलं असेल तर कड ओबडधोबड असते, आजूबाजूचे धागे ओढले जाऊन कापड गोळा होतं. उंदराने कुरतडलं असेल तर कडेला भुगा झाल्यासारखं दिसतं आणि भोक वेडंवाकडं असतं. ताणा आणि बाणा दोन्ही एकाच रेषेत साफ तुटले असतील, तर ते ब्लेड किंवा कात्री.

ब्लेड असेल तर छेद किती ते मोज. चादर घडी घातलेली असते. ब्लेड खोल गेलं तर एकाखाली एक पदर कापले जातात आणि चादर उघडली की ठराविक अंतरावर तसेच छेद दिसतात, एकेक लहान होत गेलेले. तू लिहितेस तसा एकच छेद असेल, तर ब्लेड फक्त वरच्या पदराला लागलंय. आणि आतली पिशवी धड असेल, तर कुरियरवाला सुटला आणि बाईही सुटल्या. मग मला शंका येईल ती तुमच्याच पॅकिंगच्या टेबलाची. गठ्ठ्याची सुतळी ब्लेडने कापताना सगळ्यात वरच्या चादरीला छेद जातो. त्याच गठ्ठ्यातल्या खालच्या चादरी ठणठणीत निघतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. ती चादर तशीच घडीवर पिशवीत जाते, आणि नाशिकला उघडल्यावर छेद दिसतो. वडिलांना हे कागदावर काढून दाखव. माल फाटका विणला नाही, या त्यांच्या म्हणण्याला धक्का लागत नाही, म्हणून ते ऐकतील.

पिशवीही त्याच जागी साफ कापलेली निघाली तर मात्र फोटोवरून पुढे काही सांगता येत नाही. वाटेत कुणी कापली की घरी पार्सल उघडताना ब्लेड लागलं, दोन्ही सारखंच दिसतं. अशा वेळी बाईंना त्यावरून छेडू नको आणि पेजवर तर ब्रही काढू नको. एका चादरीसाठी गिऱ्हाइकावर खोटेपणाचा संशय उघडपणे घेणारं दुकान बघणाऱ्याच्या कायम लक्षात राहतं. भरून दे आणि वहीत नोंद ठेव. त्याच नावाने दुसऱ्यांदा तसंच झालं तर तेव्हा बघू.

आता सगळ्यात जास्त विसरलं जाणारं काम. पैसे गेले, चादर निघाली, बाई खूश झाल्या, आणि पेजवर शेवटची ओळ अजून तुझीच, ‘आज फोन करते.’ सहा महिन्यांनी नवीन गिऱ्हाईक ते वाचतं आणि पुढे काही नाही म्हणून समजून जातं की दाबलं. म्हणून परत जाऊन लिहायचंच, त्याच तक्रारीखाली, नव्या पोस्टमध्ये नाही. त्याआधी बाईंना विचार, ‘काय झालं ते मी तिथे लिहू का? तुमचा पत्ता, नंबर काही येणार नाही.’ बहुतेक लोक हो म्हणतात. मग लिही:

‘काल मॅडमशी फोनवर बोलणं झालं. त्यांना त्याच नक्षीची दुसरी चादर हवी होती, ती आज सकाळी पाठवली, पार्सलचा नंबर त्यांना दिला आहे. फाटकी चादर परत मागवलेली नाही. गठ्ठ्याची सुतळी कापताना आमच्याकडूनच ब्लेड लागल्याचं फोटोवरून दिसतंय. यापुढे सुतळी सोडून गठ्ठा उघडणार आणि प्रत्येक चादर पिशवीत घालण्याआधी उलगडून बघणार.’

‘प्रश्न मिटला आहे’ असं लिहू नको. मिटला की नाही ते त्यांनी म्हणायचं. त्यांना हवा तो रंग संपला असेल आणि त्या थोड्या नाराजच असतील, तर तेही लिही, ‘तो रंग आमच्याकडे संपलाय, म्हणून पैसे परत केले.’ नाराजीसकट लिहिलेलं लोकांना जास्त खरं वाटतं, आणि ते असतंही खरं.

आणि बाई म्हणाल्या, ‘फोन नको, इथेच बोला,’ तर? मग तिथेच बोल. खासगी बोलणं ही सोय आहे, अट नाही. चादर हवी की पैसे हे त्या तिथेच सांगू शकतात. पत्ता तुझ्याकडे ऑर्डरमध्ये आहेच. ‘तुम्ही ऑर्डर करताना दिलेल्याच पत्त्यावर पाठवते, बदल असेल तर तेवढाच मेसेज करा,’ एवढं पुरतं. पैसे ज्या खात्यातून आले तिथेच परत पाठवता आले तर तेही विचारावं लागत नाही. अडून बसलीस की ‘इनबॉक्समध्ये या, तरच’ असं दिसतं, आणि त्या दोघांचं म्हणणं तूच खरं करतेस.

त्या दोघांनाही एक ओळ दे बरं का. ‘तुमचं बरोबर आहे, माझं आधीचं उत्तर अपुरं होतं, वर पूर्ण लिहिलंय.’ बस. त्यांच्याशी वाद नको. कुणीतरी मध्येच ‘हल्ली सोलापूरच्या नावाखाली बाहेरचाच माल खपवतात’ हा जुना विषय काढेल. काढणारच, आपल्याकडे चादर म्हटलं की तो निघतो. तुझे माग आहेत, तुला चीड येईल. तिथे उत्तर देऊ नकोस, नाहीतर भौगोलिक मानांकनापासून आजोबांच्या हातमागापर्यंत सगळं निघेल आणि नाशिकच्या बाईंची फाटकी चादर बाजूलाच राहील.

घरच्यांनाही आवर. ‘आम्ही दहा वर्षं हीच चादर वापरतो, एक नंबर’ असं मावशीने, चुलतभावाने लिहायला लागू नये. एका तक्रारीखाली एका दुपारी सात कौतुकं आली की न सांगता कळतं कुठून आली. आणि ऑनलाइन विक्रीसाठी 2020 साली केंद्र सरकारचे जे ग्राहक संरक्षण नियम आले, त्यात विक्रेत्याने स्वतःच गिऱ्हाईक बनून रिव्ह्यू लिहायला मनाई आहे. त्याच नियमांत तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात, अशी मुदत आहे. पेजवरच्या गिऱ्हाइकाला महिना फार लांब वाटतो, तू ठरवलेला उद्याचा दिवसच पाळ. पण पोच मात्र खरोखर 48 तासांच्या आत गेली पाहिजे. बाईंनी लिहिलं परवा. म्हणजे हे वाचतेस तोवर ती वेळ टळत आली असेल, तेव्हा उत्तराच्या शब्दांवर घासाघीस करत बसू नको. बाईंचं समाधान झालं नाही तर त्या 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जाऊ शकतात, तो त्यांचा हक्क आहे. त्यांनी तसं बोलून दाखवलं तर धमकी समजून चिडू नको. तेव्हा व्हॉट्सअॅपवरच्या त्या चार ओळी कामाला येतील.

वडिलांना फोनच्या वेळी शेजारी बसवू नकोस. ते मध्येच बोलतील.